कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या स्त्रीची तक्रार आणि तीन महिन्यांची मुदत

पत्र : मी एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात डेटा एंट्रीचे काम करते, पण माझी नेमणूक आणि पगार कंत्राटदाराकडून होतो. कंपनीच्या विभागप्रमुखांनी १२ ऑक्टोबरला कंपनीच्या बसमध्ये माझ्या अंगाला हात लावला, डिसेंबरमध्ये बाहेर भेटण्यासाठी वारंवार संदेश पाठवले आणि २४ जानेवारीला रात्री एक अश्लील चित्र पाठवले. २ फेब्रुवारीला मी एचआरला तोंडी सांगितले, तेव्हा ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, कंत्राटदाराशी बोला’ असे उत्तर मिळाले. कंत्राटदाराच्या कार्यालयात पाचच माणसे आहेत. ३ मार्चपासून मला कारण न देता रात्रपाळीत टाकले आहे. आज ६ एप्रिल आहे. मी कोणत्या समितीकडे जायचे, माझी मुदत संपली का, आणि साक्षीदार नसल्याने तक्रार खोटी ठरवून मलाच शिक्षा होईल का?

उत्तर :

सर्वांत आधी मुदतीबद्दल सांगते, कारण तुमच्या हातात आता अडीच आठवडे उरले आहेत आणि बाकीचे सगळे त्यानंतरचे आहे. तुमची लेखी तक्रार २४ एप्रिलच्या आत समितीकडे पोहोचली पाहिजे, आणि शेवटच्या दिवसाची वाट न पाहता ती याच आठवड्यात द्यावी असे मी आग्रहाने सांगेन.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार तक्रार घटनेच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, आणि घटनांची मालिका असेल तर हे तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजले जातात. ऑक्टोबरचा स्पर्श, डिसेंबरचे संदेश आणि जानेवारीतले चित्र हे एकाच माणसाचे एकाच स्त्रीशी चाललेले वर्तन आहे. त्यामुळे ही मालिका २४ जानेवारीला संपली असे धरून तिन्ही घटना एकाच तक्रारीत मांडता येतात. मात्र ही मालिका कशी आहे हे तक्रारीतच स्पष्ट दिसले पाहिजे. घटना सुट्या सुट्या लिहिल्या आणि त्यांच्यातला धागा सांगितला नाही, तर ऑक्टोबरची घटना मुदतीबाहेरची आहे असा आक्षेप पहिल्याच सुनावणीत येतो.

अडचणींमुळे तक्रार वेळेत देता आली नाही, अशी समितीची खात्री पटली तर ती कारणे लेखी नोंदवून मुदत आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. पण हा समितीचा अधिकार आहे, तक्रारदाराचा हक्क नाही, आणि शेवटच्या घटनेपासून एकूण सहा महिने उलटल्यावर कोणतेही कारण चालत नाही. तुमच्या बाबतीत ही अंतिम सीमा २४ जुलै आहे, तरी तिच्यावर विसंबू नये. एचआरने २ फेब्रुवारीला तुम्हाला परत पाठवले, हे विलंब झाल्यास सांगण्याजोगे कारण आहे, आणि म्हणूनच त्या भेटीची तारीख, वेळ आणि बोलणे झाले त्या व्यक्तीचे पद तक्रारीत नोंदवा. मात्र त्या तोंडी सांगण्याला तक्रार समजू नका, कारण कायद्याच्या दृष्टीने समितीच्या हाती लेखी कागद पडला तेव्हाच तक्रार झाली.

३ मार्चच्या रात्रपाळीबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण इथेच बऱ्याच जणींची गणना चुकते. छळाला नकार दिल्यानंतर पाळी बदलणे, बदली होणे, मूल्यमापन खराब होणे अशा गोष्टी घडतात तेव्हा ‘त्रास अजून चालूच आहे, म्हणजे मुदतही चालूच आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच स्वरूपाचे प्रकरण आले होते. त्यात लैंगिक स्वरूपाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती आणि तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये दिली गेली होती. मधल्या काळात तक्रारदाराविरुद्ध झालेल्या प्रशासकीय कारवाया हा त्या छळाचाच पुढचा भाग आहे, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. कायद्याचे तिसरे कलम नोकरीतल्या वाईट वागणुकीच्या धमकीला किंवा द्वेषपूर्ण वातावरणाला लैंगिक छळात धरते, पण त्यासाठी त्या वागणुकीचा लैंगिक वर्तनाशी असलेला संबंध दाखवावा लागतो. तेव्हा रात्रपाळीचा मुद्दा तक्रारीत जरूर लिहा, ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या संदेशानंतर लावली हे जोडून दाखवा, पण मुदतीचा हिशेब मात्र २४ जानेवारीपासूनच करा. ३ मार्चपासून मोजून ३ जूनपर्यंत वेळ आहे असे समजून थांबलात, तर तुमचे संपूर्ण प्रकरण एका वादग्रस्त मुद्द्यावर टांगले जाईल.

आता समितीबद्दल. एचआरने दिलेले उत्तर कायद्याला धरून नाही. या कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, हंगामी आणि रोजंदारीवरचे लोक येतात, शिकाऊ आणि परिवीक्षेवरचे लोक येतात, आणि कंत्राटदारामार्फत नेमलेले लोकही येतात, मग मुख्य मालकाला त्या नेमणुकीची माहिती असो वा नसो. विनावेतन किंवा स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही त्यात आहे. तक्रार करू शकणाऱ्या स्त्रीची व्याख्या याहूनही रुंद आहे, कारण ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. त्या कामाच्या ठिकाणी कामानिमित्त आलेली ग्राहक किंवा पाहुणी स्त्रीही तक्रार देऊ शकते. मालकाने पुरवलेले वाहन हाही कामाच्या ठिकाणाचाच भाग आहे, म्हणून बसमधली घटना ‘कार्यालयाबाहेरची’ म्हणून बाजूला काढता येत नाही. रात्री घरी असताना फोनवर आलेले चित्रही विभागप्रमुख या नात्याने त्यांच्याकडे असलेल्या क्रमांकावर आणि कामाच्या संबंधातून आलेले आहे, हे तक्रारीत एका वाक्यात सांगून ठेवा.

याचा अर्थ तुमची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जाईल. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते कंपनीचे कर्मचारी आहेत, घटना कंपनीच्या बसमध्ये आणि कामातून घडल्या आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई करण्याचा अधिकार कंपनीचाच आहे. कंत्राटदाराकडे दहापेक्षा कमी माणसे असल्याने त्याने समिती नेमलेली नसणे हे कायद्याला धरून आहे, पण तुमच्या प्रकरणात तो मुद्दाच येत नाही. कंत्राटदाराला एक प्रत माहितीसाठी द्यायची की नाही, हा निर्णय तुमचा आहे. तो दबावाखाली येईल अशी शंका असेल तर न दिलेली बरी.

दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या शाखा अनेक असतील तर प्रत्येक शाखेत ती हवी. समितीची अध्यक्ष त्याच ठिकाणी वरिष्ठ पदावर काम करणारी स्त्री असते, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य असतात, आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती असते. एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीच्या स्थापनेचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावणे ही मालकाची जबाबदारी आहे, म्हणून आधी सूचनाफलक पाहा. मी स्वतः काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम केले आहे, आणि माझ्या अनुभवात समिती खरोखर चालते की केवळ कागदावर आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. फलकावरच्या बाहेरच्या सदस्याला फोन करून समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारावे. आपण या समितीवर आहोत हेच ज्यांना ठाऊक नाही, असे सदस्य मी पाहिले आहेत.

समिती नेमलेलीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. कायद्यात स्थानिक समितीचा उल्लेख दहापेक्षा कमी माणसांची ठिकाणे आणि मालकाविरुद्धच्या तक्रारी यांच्यासाठी आहे, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठीही तीच जागा आहे. पण मोठ्या कंपनीने समितीच नेमली नसेल तेव्हाही तक्रार तिथे नोंदवून ठेवणे शहाणपणाचे आहे, म्हणजे मुदतीत लेखी तक्रार दिल्याचा पुरावा तरी राहतो. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावर नोंदवलेली तक्रारही संबंधित समितीकडे पाठवली जाते, परंतु तुमच्याजवळ दिवस कमी असल्याने कागदही हातोहात द्या.

तक्रार लिहिताना विशेषणे कमी आणि तारखा जास्त ठेवा. ‘विभागप्रमुख नेहमी वाईट वागतात’ या वाक्यावर समिती काही करू शकत नाही. ‘१२ ऑक्टोबरला सायंकाळच्या बसमध्ये मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या आसनावर बसले होते, ते शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, मी उठून पुढे गेले’ असे, आपल्याला खरोखर आठवते तेवढेच लिहिले, तर त्याची पडताळणी करता येते. नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदार असतील तर त्यांची नावे व पत्ते द्यावे लागतात. लिहिणे जमत नसेल तर अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी लिहिण्यास मदत करणे कायद्याने अपेक्षित आहे. एखादी स्त्री शारीरिक कारणाने तक्रार देऊ शकत नसेल, तर नातेवाईक, मैत्रीण, सहकारी किंवा राष्ट्रीय अथवा राज्य महिला आयोगाचा अधिकारी तिच्या वतीने ती देऊ शकतो. प्रत देताना एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर अध्यक्षांच्या नावे स्पीड पोस्टने आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

साक्षीदार नसल्याची तुमची चिंता मी समजू शकते, पण या प्रकारच्या घटना चारचौघांसमोर क्वचितच घडतात हे समितीलाही माहीत असते. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, दोन्ही बाजूंचे पाहून काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे हे ठरवायचे असते. तुमच्याकडचे संदेश आणि चित्र हा भक्कम पुरावा आहे. त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसू द्या, पण मूळ संभाषण पुसू नका आणि चौकशी संपेपर्यंत तो फोन बदलू नका, कारण मूळ पाहण्याची मागणी हमखास होते. बसमधल्या घटनेसाठी त्या दिवशीची हजेरीची नोंद, बसमधील प्रवाशांची यादी आणि चालकाचे नाव हे सर्व कंपनीकडे असते. दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे अधिकार समितीला आहेत, म्हणून कोणती नोंद मागवावी हे तक्रारीतच लिहा. कॅमेऱ्यांचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत पुसले जाते. ऑक्टोबरचे आता मिळणे कठीण आहे, तरी मागणी नोंदवावी. घटनेनंतर त्याच दिवशी तुम्ही एखाद्या मैत्रिणीला किंवा बहिणीला काही सांगितले असेल, तर तीही साक्ष देऊ शकते. तिने प्रसंग पाहिलेला नसला, तरी तुम्ही तेव्हाच सांगितले होते एवढे ती सांगू शकते, आणि चौकशीत त्याला वजन असते.

खोट्या तक्रारीच्या शिक्षेचे कलम अनेकदा स्त्रियांना घाबरवण्यासाठी वापरले जाते, म्हणून त्याचे शब्द नीट समजून घ्या. तक्रार सिद्ध झाली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्याने त्या कलमाखाली कारवाई होऊ शकत नाही. तक्रार दुष्ट हेतूने, खोटी असल्याचे माहीत असताना केली किंवा बनावट कागद दिला, असे समितीने चौकशी करून ठरवले तरच ती होते. एचआरमधील कोणी ‘सिद्ध झाले नाही तर नोकरी जाईल’ असे म्हटले, तर ते चुकीचे सांगत आहेत.

आता पुढचा प्रवास तुमच्या तारखांनी पाहू. तुम्ही २० एप्रिलला तक्रार दिली असे धरले, तर समितीने सात कामकाजाच्या दिवसांत तिची एक प्रत विभागप्रमुखांना पाठवायची असते, आणि ती मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत त्यांनी कागदपत्रांसह उत्तर द्यायचे असते. १ मेची सुट्टी मध्ये येत असल्याने हे उत्तर मेच्या मध्याच्या सुमारास यावे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तक्रार मिळाल्याच्या तारखेपासून मोजले, तर ती १९ जुलैपर्यंत संपली पाहिजे. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत, म्हणजे २९ जुलैपर्यंत, अहवाल मालकाला द्यायचा आणि दोन्ही बाजूंनाही उपलब्ध करून द्यायचा. अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे २७ सप्टेंबरपर्यंत, मालकाने शिफारशींवर कारवाई करायची. या तारखा एका कागदावर लिहून ठेवा आणि एखादी उलटली की समितीला दोन ओळींचे पत्र द्या. दिरंगाई झाल्याने तुमची तक्रार रद्द होत नाही, पण पत्र नसेल तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुनावणीला किमान तीन सदस्य हजर असावे लागतात आणि त्यांत अध्यक्ष असल्याच पाहिजेत. दोन्ही बाजूंपैकी कोणालाही वकील आणता येत नाही. विभागप्रमुखांना तुमच्या म्हणण्याची उलटतपासणी करण्याची संधी मिळेल, पण समोरासमोर बसणे तुम्हाला अवघड वाटत असेल, तर त्यांचे प्रश्न लेखी घेऊन समितीने ते विचारावेत अशी विनंती करा. मी ज्या समित्यांवर होते तिथे आम्ही हीच पद्धत ठेवत असू. ठोस कारण न देता सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहणाऱ्याच्या अनुपस्थितीत समिती पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन निर्णय करू शकते. हा नियम तुम्हालाही लागू आहे, तेव्हा आजारपण असल्यास आधी कळवा. निष्कर्ष अंतिम होण्यापूर्वी ते तुम्हाला वाचायला देऊन त्यावर तुमचे म्हणणे घेणे समितीवर बंधनकारक आहे. घाईतल्या समित्या ही पायरी हमखास वगळतात, म्हणून ती लेखी मागा.

चौकशी सुरू होण्यापूर्वी तडजोड करता येते, पण फक्त तुमच्या विनंतीवरून, आणि पैसे हा तिचा पाया असू शकत नाही. ‘मिटवून टाका, कंत्राट कायम ठेवतो’ असे कोणी सुचवले तर नकार देण्याचा तुमचा अधिकार पूर्ण आहे. तडजोड झाली की चौकशी होत नाही, मात्र तिच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत असे तुम्ही कळवले, तर समितीला चौकशी पुढे न्यावी लागते.

रात्रपाळीसाठी चौकशीच्या निकालापर्यंत थांबण्याची गरज नाही. तक्रारीसोबतच अंतरिम दिलाशाचा वेगळा अर्ज द्या. चौकशी चालू असताना समिती तुमची किंवा विभागप्रमुखांची बदली, नेहमीच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा तुमच्या कामाचे मूल्यमापन त्यांच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणे, अशी शिफारस मालकाला करू शकते, आणि मालकाने ती अमलात आणून समितीला तसे कळवायचे असते. पूर्वीची पाळी परत हवी आणि विभागप्रमुखांचा तुमच्या कामाशी संबंध नको, एवढ्या दोन मागण्या पुरेशा आहेत. मधल्या काळात कंत्राटदाराने तुम्हाला कामावरून काढले, तरी तक्रार तशीच पुढे चालते, कारण घटना घडल्या तेव्हा तुम्ही तिथे काम करत होता.

तक्रारीतला मजकूर, तुमची ओळख आणि चौकशीतील बोलणे गुप्त ठेवणे समितीवर आणि मालकावर बंधनकारक आहे. सहकाऱ्यांच्या गटांत संदेश फिरू लागले तर त्यांची प्रत समितीला द्या, पण स्वतः उत्तर देऊ नका.

पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो याच वेळी खुला आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७५ व्या कलमाखाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे आणि त्याच्या तक्रारीला समितीची तीन महिन्यांची मुदत लागू होत नाही. तुम्ही तसे ठरवले तर तक्रार नोंदवण्यास मदत करणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

समितीच्या शिफारशी मान्य नसतील, किंवा मालकाने त्या अमलात आणल्या नाहीत, तर शिफारशींपासून ९० दिवसांत अपील करता येते. अहवाल २९ जुलैला मिळाला असे धरल्यास ही मुदत २७ ऑक्टोबरला संपते. सेवानियमांत सांगितलेल्या न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे अपील करावे, आणि तुम्हाला असे सेवानियम लागू नसतील तर कायद्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. त्या टप्प्यावर मात्र वकिलाची मदत घ्या.